लेबलचा फोटो आला, आता खरं-खोटं कसं ओळखाल? चादर-टॉवेलच्या टीसी, जीएसएम आणि धाग्याचा हिशेब

पेडणे तालुक्यात आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. दर वर्षी पावसाळा सरत आला, की पर्यटकांचा हंगाम सुरू व्हायच्या आत चादरी-टॉवेल बदलायचे असतात. पूर्वी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन कापड हातात घेऊन बघायचे. आता व्यापारी व्हॉट्सअ‍ॅपवर लेबलांचे फोटो पाठवतात आणि त्यावरच भाव ठरतो. गेल्या खेपेला असेच दोन फोटो आले. एका चादरीच्या कार्डावर होतं: १००० टीसी, १०८ बाय १०८ इंच, इजिप्शियन कॉटन फील. दुसरा फोटो टॉवेलचा: ६०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन, ६० बाय १२० सेंटीमीटर. खाली निरोप होता, "वहिनी, हा माल पंचतारांकित हॉटेलांत जातो."

हे दोन फोटो मी कसे वाचले, ते क्रमाने सांगते. लागतं काय, तर ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, मोजपट्टी आणि फोनमधला कॅल्क्युलेटर.

आधी योग्य फोटो मागवा

एका वस्तूवर सहसा तीन ठिकाणी मजकूर असतो. पॅकिंगच्या आत एक रंगीत कार्ड असतं, पिशवीवर एमआरपीचं स्टिकर असतं आणि कापडाच्या कडेला शिवलेली छोटी पट्टी असते. व्यापारी हमखास रंगीत कार्डाचा फोटो पाठवतो. ते कार्ड छापखान्यातून हजारोंनी येतं आणि कुठल्याही मालात घालता येतं. म्हणून मी स्टिकर आणि शिवलेली पट्टी, पट्टीच्या दोन्ही बाजू, असे वेगळे फोटो मागते. तिन्हीकडचा मजकूर जुळतो का, ही पहिली परीक्षा. त्या चादरीच्या कार्डावर 'इजिप्शियन कॉटन फील' होतं, स्टिकरवर नुसतं 'बेडशीट सेट' आणि शिवलेल्या पट्टीवर फक्त धुण्याच्या खुणा. कापड कशाचं आहे, हे तिन्हीपैकी कुठेच लिहिलेलं नव्हतं. सुती माल विकणारा 'शंभर टक्के कॉटन' हे शब्द लिहायला विसरत नाही. ते नसतील, तर ते मुद्दाम गाळलेत असं मी धरते.

'फील' या शब्दापाशीच थांबायला हवं होतं, हे खरं. 'कॉटन फील', 'ग्लेस कॉटन', 'मायक्रो कॉटन' ही सगळी बाजारातली नावं आहेत आणि त्यांच्या आड बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं. 'कॉटन रिच' किंवा 'कॉटन ब्लेंड' म्हणजे मिश्रण. त्यात टक्केवारी दिली नसेल तर ती मागायची. पण नुसत्या शब्दावरून माल परत पाठवला की व्यापारी म्हणतो, "कार्ड चुकून लागलं, माल सुतीच आहे." म्हणून आकड्यांनी पडताळून बघायचं.

टीसी आणि वजन एकमेकांना धरून असतात

टीसी म्हणजे एका चौरस इंचातले उभे आणि आडवे धागे मिळून होणारी संख्या. उभे ११० आणि आडवे ९० असतील तर टीसी २००. आता एका इंचात जास्त धागे बसवायचे तर धागा बारीक हवा, आणि तो किती बारीक हे 'काउंट' सांगतो. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी निघतात तितका त्या सुताचा काउंट. म्हणजे आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. रोजच्या वापराच्या चादरी ३० ते ६० काउंटच्या असतात. ८० आणि १०० काउंटचं सूत महाग, त्याला लांब तंतूंचा कापूस लागतो.

कधीकधी लेबलवर किंवा घाऊक व्यापाऱ्याच्या यादीत हे सगळं एका ओळीत लिहिलेलं सापडतं:

```
40s x 40s / 110 x 90
```

डावीकडे उभ्या आणि आडव्या सुताचा काउंट, उजवीकडे एका इंचातले उभे आणि आडवे धागे. उजवीकडची बेरीज म्हणजे टीसी. ज्याच्याकडे ही ओळ आहे, त्या व्यापाऱ्याला माल कळतो असं मी समजते आणि त्याच्याशी पुढचं बोलणंही सोपं जातं.

धाग्यांची संख्या आणि धाग्याची जाडी कळली की कापडाचं वजन ठरूनच जातं. गणित असं:

```
जीएसएम = २५ × टीसी ÷ काउंट
```

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. धागे अगदी सरळ धरले तर २५ च्या जागी साधारण २३ यायला हवेत, पण विणताना धागा खालीवर वळतो, त्यामुळे त्याची लांबी थोडी जास्त लागते. ती धरून २५. विणीप्रमाणे दहा टक्के इकडेतिकडे होतं, तेवढं सोडून द्यायचं. ४० काउंटची २०० टीसी चादर १२५ जीएसएमची येते. ६० काउंटची ३०० टीसी चादरही १२५ चीच. टीसी वाढला तरी कापड जड होत नाही, कारण सूत बारीक झालेलं असतं.

काउंट लिहिलेला नसला, आणि बहुतेक वेळा तो नसतोच, तर हेच गणित उलटं करायचं:

```
काउंट = २५ × टीसी ÷ जीएसएम
```

उत्तर ३० ते ६० च्या आसपास आलं तर दावा पटण्यासारखा आहे. ८० ते १०० आलं तर किंमतही तशीच भारी हवी. त्याच्या वर आलं तर आकड्यात काहीतरी गडबड आहे.

चादरीचं वजन मागा

जीएसएम लेबलवर नसेल तर चादरीचं वजन विचारायचं. फक्त चादरीचं, उशांचे अभ्रे आणि पिशवी बाजूला ठेवून. ऑनलाइन दुकानात वस्तूचं वजन दिलेलं असतं खरं, पण ते पुष्कळदा खोका-पिशवीसकट असतं. मी व्यापाऱ्याला लिहिलं, "भाऊ, फक्त चादर काट्यावर ठेवून फोटो पाठवा." थोडी कुरकुर झाली, पण फोटो आला. काट्यावर ७८० ग्रॅम.

१०८ इंच म्हणजे २.७४ मीटर. २.७४ गुणिले २.७४ म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. ७८० ला साडेसातने भागलं की १०४ जीएसएम. आता १००० टीसीच्या दाव्यावर उलटं गणित: २५ गुणिले १०००, भागिले १०४, म्हणजे काउंट सुमारे २४०. होमस्टेच्या भावात २४० काउंटच्या सुती धाग्याची चादर मिळत नाही. इतका बारीक धागा स्वस्तात निघतो तो पॉलिएस्टरचा. तो कापसासारखा कातावा लागत नाही, यंत्रातल्या बारीक छिद्रांतून हवा तेवढा पातळ ओढता येतो.

उलट बाजूनेही बघू. १०० काउंटच्या उत्तम सुतात १००० टीसी विणली तर कापड २५० जीएसएमचं होईल आणि त्याच मापाची चादर जवळजवळ १ किलो ९०० ग्रॅम भरेल. गोव्यातल्या मे महिन्यात असलं जड कापड पांघरायलाच काय, अंथरायलाही कोणी मागणार नाही.

मोठे आकडे येतात कुठून? एक रीत अशी, की दोन पदर पिळून केलेला एक धागा दोन म्हणून मोजायचा. धागे मोजण्याच्या मान्य पद्धतीत पीळ दिलेला धागा एकच धरतात, त्यात पदर कितीही असोत. दुसरी रीत आडव्या धाग्यांची. एकेका वेळी तीन-चार पातळ तंतू शेजारी-शेजारी सरकवायचे आणि प्रत्येक वेगळा मोजायचा. म्हणून ४०० च्या वरचा टीसी दिसला की मी पहिला प्रश्न विचारते: धागा एकपदरी की दुपदरी? उत्तर येत नसेल, तर तो आकडा मी हिशेबातच धरत नाही.

या गणिताची एक मर्यादा लक्षात ठेवा. ते धाग्याची जाडी पकडतं, धागा कशाचा आहे ते त्याला कळत नाही. ४० काउंटची पॉलिकॉटन चादर या परीक्षेत सहज पास होते. आणि कापडाला कांजी भरपूर असेल तर वजन फुगतं. नवी चादर हाताला कडक लागत असेल, चोळल्यावर पांढरी भुकटी पडत असेल, तर एकदा धुऊन, खडखडीत वाळवून मगच तोलायची आणि मापही तेव्हाच पुन्हा घ्यायचं.

कापडाच्या जवळच्या फोटोवरून धागे मोजा

माल ओळखीच्या दुकानात असेल तर मी आणखी एक फोटो मागते: चादर उजेडाच्या खिडकीवर धरून, तिच्यावर स्टीलची पट्टी ठेवून, फोन अगदी जवळ नेऊन. पट्टीवरचे मिलिमीटर स्पष्ट दिसायला हवेत. मग फोटो मोठा करून एका सेंटीमीटरमधले धागे मोजायचे, आधी उभे, मग आडवे. दोन्हींची बेरीज गुणिले २.५४ म्हणजे टीसी. उभे ४३ आणि आडवे ३५ मोजले तर बेरीज ७८, आणि टीसी १९८. म्हणजे २०० चा दावा खरा.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि धागे एकमेकांत मिसळतात, कापडावर लाटा दिसायला लागतात. त्यामुळे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. छापील चादर असेल तर उलट्या बाजूचा फोटो घ्या. एक-वर-एक-खाली अशी साधी वीण असेल तर मोजणी सोपी जाते. सॅटीनमध्ये मात्र एक धागा चार-पाच धाग्यांवरून तरंगत जातो आणि खालचे झाकतो, तिथे फोटोवरची मोजणी कमी भरते. सॅटीनसाठी नमुना हातात हवा. कापलेल्या कडेला एक सेंटीमीटर रुंदीवर खूण करून सुईने धागे एकेक काढत मोजायचे.

धागा हातात आला की पदरही बघून घ्या. दोन बोटांत धरून पिळाच्या उलट फिरवा. सुटताना दोन पिळदार दोर वेगळे झाले तर तो दुपदरी. नुसतेच बारीक तंतू विस्कटले तर एकपदरी. आणि पीळच नसेल, गुळगुळीत चमकदार केसांसारखे तंतू मोकळे होत असतील, तर ते पॉलिएस्टर.

टॉवेल: इथे काटा पुरतो

टॉवेलला टीसी लागत नाही. तिथे जीएसएम हाच मुख्य दावा आणि तो तपासणं फार सोपं. लांबी गुणिले रुंदी मीटरमध्ये, त्याने वजनाला भागायचं. त्या फोटोतला टॉवेल ६० बाय १२० सेंटीमीटर, म्हणजे ०.७२ चौरस मीटर. ६०० जीएसएमचा असेल तर त्याचं वजन ४३२ ग्रॅम भरायला हवं. मी नमुन्याचा एक टॉवेल मागवला. काट्यावर ३३० ग्रॅम. माप घेतलं तर ५८ बाय ११६, म्हणजे ०.६७ चौरस मीटर. भागाकार केला तर ४९० जीएसएम. विणलेली सपाट किनार लूपच्या भागापेक्षा हलकी असते, शिवाय कारखान्यात पाच टक्के फरक पडतो, हे सगळं मान्य केलं तरी ६०० चे ४९० होत नाहीत.

मग तोच टॉवेल तीनदा धुतला. वजन ३१२ ग्रॅम झालं, कारण मऊपणासाठी लावलेला लेप आणि सुटे तंतू निघून गेले. पण टॉवेल आटून ५५ बाय ११० झाला आणि नवा हिशेब ५१६ जीएसएम आला! वजन कमी झालं, तरी जीएसएम वाढला. विक्रेत्याशी वाद घालायचा असेल तर टॉवेल न धुता तोला, ही गोष्ट मला त्या दिवशी नीट समजली. धुतल्यानंतरचा आकडा त्याच्याच बाजूने बोलतो. आटण्याचा आकडा मात्र जपून ठेवा. लांबीत पाच टक्के आटला, म्हणजे १२० सेंटीमीटर लिहिलेला टॉवेल उंच पाहुण्याला आखूड पडणार.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती दमट हवेची. कापूस हवेतलं पाणी धरतो, पॉलिएस्टर जवळजवळ धरत नाही. प्रयोगशाळेत कापड ६५ टक्के आर्द्रतेत ठेवून तोलतात. जुलैत आपल्या घरात आर्द्रता नव्वदीच्या घरात असते, तेव्हा सुती टॉवेल शंभर ग्रॅममागे चार-पाच ग्रॅम सहज जास्त भरतो. पावसाळ्यात तोलायचं असेल तर खोलीत एसी दोन तास चालवून, टॉवेल मोकळा पसरून ठेवा आणि मग काट्यावर घ्या.

जास्त जीएसएम म्हणजे चांगला टॉवेल, असंही नाही. ६०० चा टॉवेल पावसात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो. खोल्यांसाठी मी ४०० ते ४५० च घेते, आणि खरा ४५० चा मिळाला तर त्याला ६०० चं नाव द्यायची गरज काय?

'शंभर टक्के कॉटन' म्हणजे टॉवेलच्या कुठल्या धाग्याचं?

टॉवेलमध्ये तीन प्रकारचे धागे असतात: लूपचा, आणि लूप ज्यात बसवलेले असतात त्या खालच्या कापडाचे, म्हणजे जमिनीचे, उभा आणि आडवा. लेबलवर कधी 'कॉटन लूप' किंवा 'कॉटन पाइल' असं लिहिलेलं असतं. तो दावा फक्त लूपपुरता असतो, खालची जमीन मिश्र सुताची असू शकते. म्हणून जाळून बघायचं तर तिन्ही धागे वेगवेगळे काढून बघायला हवेत.

धागा चिमट्यात धरा, खाली स्टीलचं ताट ठेवा, जवळ पाणी असू द्या, पंखा बंद करा. कापूस कागदासारखा पेटतो, जळका वास कागदाचाच येतो आणि बोटांनी चुरली जाणारी राखाडी राख उरते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळी टणक गोळी राहते. मिश्रण असेल तर राखेत खरखरीत, टोचणारे कण लागतात. त्या १००० टीसी चादरीचा नमुना आला तेव्हा उभा आणि आडवा, दोन्ही धाग्यांची गोळी झाली. 'कॉटन फील' चा अर्थ तिथे संपला. टॉवेलचे तिन्ही धागे राख होऊन पडले. म्हणजे त्याचा कापसाचा दावा खरा आणि वजनाचा खोटा.

'बांबू' लिहिलेल्या टॉवेलवर ही परीक्षा चालत नाही. बांबूचा म्हणून जो मऊ धागा विकतात, तो बहुधा बांबूचा लगदा रसायनात विरघळवून केलेला व्हिस्कोस असतो आणि व्हिस्कोसही कापसासारखाच जळतो. त्याची दुसरी खूण आहे. धागा पाण्यात भिजवून ओढला तर व्हिस्कोस लवकर तुटतो, कापूस ओला झाल्यावर उलट मजबूत होतो. रोज गरम पाण्यात, मशीनमध्ये धुवायचे टॉवेल बांबूचे घेऊ नका असं मी सगळ्यांना सांगते.

इजिप्शियन कॉटनचा दावा घरी तपासता येत नाही. कापूस इजिप्तचा की गुजरातचा, हे राख सांगत नाही. मोठ्या खरेदीदारांनाही ते सोपं गेलेलं नाही. अमेरिकेतल्या टार्गेट कंपनीने २०१६ मध्ये वेलस्पनशी व्यवहार थांबवला तो याच कारणाने: इजिप्शियन म्हणून विकलेल्या चादरींत दुसरा कापूस वापरल्याचं त्यांनी जाहीर केलं होतं. म्हणून या शब्दासाठी मी जादा पैसे देत नाही. आणि ओइको-टेक्सची खूण बघून कापूस शुद्ध असं समजू नका. स्टँडर्ड १०० ही खूण कापडात घातक रसायनं नसल्याची आहे, पॉलिएस्टरलाही ती मिळते. तिच्याखाली क्रमांक असतो, तो संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून खूण खरी आहे का ते कळतं. लेबलवर खूण आहे पण क्रमांक नाही, तर ती नुसती छापलेली समजा.

मागणी लिहिताना

मी चादर परत केली. टॉवेलच्या बाबतीत काट्याचे आणि पट्टीचे फोटो व्यापाऱ्याला पाठवले, तेव्हा तो ४९० च्या भावाने द्यायला तयार झाला, पण मला तेवढा जाड नकोच होता. बिलावर आणि चॅटमध्ये आकडे लेखी असले की तक्रार करता येते, मग ती दुकानात असो की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर. म्हणून त्याला नवी मागणी पाठवली ती अशी:

"भाऊ, चादरी बारा नग, पांढऱ्या, साधी वीण, शंभर टक्के कॉटन दोन्ही धागे, ४० काउंट, ११० बाय ९०, एकपदरी. ९० बाय १०० इंच शिवून झाल्यावर. एका चादरीचं वजन ६९० ते ७६० ग्रॅम. टॉवेल चोवीस नग, ७५ बाय १५० सेंटीमीटर, लूप आणि जमीन दोन्ही कॉटन, ४५० जीएसएम, न धुता वजन ४८० ग्रॅमच्या खाली नको. हे सगळं बिलावर लिहून द्या. माल आला की तीन नग तोलून घेईन, मग बाकीचे पैसे."